पानातील इलेक्ट्रॉनांच्या दोन वाटा : चक्रीय आणि अचक्रीय प्रकाश-फॉस्फोरिलीकरण

हिरव्या पानात साखर तयार होण्याचे काम दोन टप्प्यांत चालते. पहिल्या टप्प्यात प्रकाशाची ऊर्जा दोन रासायनिक पदार्थांत साठवली जाते. दुसऱ्या टप्प्यात त्या पदार्थांच्या बळावर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून साखर बनते. हे दोन पदार्थ म्हणजे एटीपी आणि एनएडीपीएच. एटीपी ऊर्जा पुरवतो, तर एनएडीपीएच इलेक्ट्रॉन आणि हायड्रोजन पुरवतो. प्रकाशाच्या ऊर्जेने एडीपीला फॉस्फेट जोडून एटीपी बनवण्याच्या क्रियेला प्रकाश-फॉस्फोरिलीकरण म्हणतात. ही क्रिया पानात दोन प्रकारे होते. अचक्रीय प्रकारात इलेक्ट्रॉन पाण्यातून निघतो, एनएडीपीएचमध्ये जाऊन बसतो आणि परत येत नाही. चक्रीय प्रकारात तो जिथून निघाला तिथेच फिरून येतो. पहिल्या प्रकारातून एटीपी, एनएडीपीएच आणि ऑक्सिजन असे तिन्ही मिळतात; दुसऱ्यातून फक्त एटीपी मिळतो.

शालेय पुस्तकांत हा फरक बहुधा एका तक्त्यात दिलेला असतो. मात्र एकाच पानाला दोन वाटा कशासाठी लागतात, याचे उत्तर त्या तक्त्यात सापडत नाही. ते हिशेबात आहे. कार्बन डायऑक्साइडच्या एका रेणूला साखरेत आणण्यासाठी कॅल्विन चक्राला ३ एटीपी आणि २ एनएडीपीएच लागतात. अचक्रीय वाट २ एनएडीपीएच पूर्ण देते, पण ३ एटीपी देऊ शकत नाही. उरलेली तूट चक्रीय वाट भरून काढते. ही तूट नेमकी किती आणि ती कशी भरते, हे कळण्यासाठी आधी दोन्ही वाटांवरची ठिकाणे पाहावी लागतात.

पटल आणि त्याच्या दोन बाजू

या साऱ्या घडामोडी हरितलवकात होतात. हरितलवकाच्या आत चपट्या पिशव्यांसारखी पटले असतात. त्यांना थायलॅकॉइड म्हणतात. काही ठिकाणी या पिशव्या एकावर एक रचलेल्या असतात. अशा चळतीला ग्रॅनम म्हणतात आणि चळतींना जोडणाऱ्या सुट्या पटलांना स्ट्रोमा-पटले म्हणतात. पिशवीच्या आतली अरुंद जागा म्हणजे थायलॅकॉइडची पोकळी. पिशवीबाहेरचा द्रव म्हणजे स्ट्रोमा. कॅल्विन चक्र स्ट्रोमात चालते, म्हणून एटीपी आणि एनएडीपीएच दोन्ही स्ट्रोमाच्या बाजूलाच तयार व्हावे लागतात, आणि तसेच होते.

पटलाच्या या दोन बाजू ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. इलेक्ट्रॉन पटलातून पुढे सरकत असताना प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचे धन आयन, स्ट्रोमाकडून पोकळीत जमा होत जातात. एटीपीचा उगम या जमा झालेल्या प्रोटॉनांत आहे.

दोन प्रकाशप्रणाली

प्रकाशप्रणाली म्हणजे प्रथिने आणि रंगद्रव्ये यांचा एक मोठा संच. त्यातले बहुतेक हरितद्रव्याचे रेणू स्वतः रासायनिक काम करत नाहीत. ते प्रकाश शोषतात आणि ती ऊर्जा शेजारच्या रेणूकडे देतात. अशी हस्तांतरित होत ऊर्जा संचाच्या मध्यभागी असलेल्या हरितद्रव्याच्या खास रेणूंपर्यंत पोहोचते. या जागेला अभिक्रिया-केंद्र म्हणतात. तिथे ऊर्जा मिळालेला इलेक्ट्रॉन हरितद्रव्य सोडून शेजारच्या स्वीकारकाकडे जातो. प्रकाशऊर्जेचे रासायनिक ऊर्जेत रूपांतर होते ते याच क्षणी.

पानात अशा दोन प्रणाली असतात. प्रकाशप्रणाली २ चे केंद्र सुमारे ६८० नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल प्रकाश शोषते, म्हणून त्याला पी६८० म्हणतात. प्रकाशप्रणाली १ चे केंद्र ७०० नॅनोमीटरच्या आसपास शोषण करते, म्हणून ते पी७००. क्रमांक १ आणि २ असले तरी अचक्रीय वाटेवर प्रणाली २ आधी येते.

दोघींचे गुणधर्म एकमेकींना पूरक आहेत. इलेक्ट्रॉन गमावलेला पी६८० हा जीवसृष्टीतला अत्यंत प्रबळ ऑक्सिडीकारक आहे. पाण्यासारख्या स्थिर रेणूतून इलेक्ट्रॉन ओढून घेण्याइतकी ताकद त्याच्यात असते. याउलट उत्तेजित पी७०० हा अत्यंत प्रबळ क्षपणकारक आहे. एनएडीपीला इलेक्ट्रॉन देणे त्याच्यामुळे शक्य होते. म्हणजे प्रणाली २ इलेक्ट्रॉन ओढण्यात प्रवीण आणि प्रणाली १ तो देण्यात. पाण्यापासून एनएडीपीपर्यंतची पूर्ण चढण एकट्या प्रणालीला जमत नाही.

पटलावरची त्यांची जागाही वेगळी असते. प्रणाली २ प्रामुख्याने ग्रॅनमच्या चळतीत, पटले जिथे एकमेकांना चिकटलेली असतात तिथे आढळते. प्रणाली १ आणि एटीपी बनवणारे विकर यांचा स्ट्रोमाकडे वर आलेला भाग मोठा असल्यामुळे ती चळतीत मावत नाहीत. ती सुट्या पटलांवर आणि चळतींच्या कडांवर असतात.

दोन प्रणाली आहेत हे आधी प्रकाशाच्या रंगांवरून लक्षात आले. अमेरिकेत रॉबर्ट इमर्सन यांना असे दिसले, की ६८० नॅनोमीटरच्या पलीकडचा लाल प्रकाश हरितद्रव्य शोषते, तरी त्यातून ऑक्सिजन फारच कमी सुटतो. १९५७ साली त्यांनी दाखवले, की या दूरच्या लाल प्रकाशाबरोबर कमी तरंगलांबीचा प्रकाशही दिला, तर सुटणारा ऑक्सिजन दोन्ही प्रकाशांनी वेगवेगळ्या दिलेल्या ऑक्सिजनच्या बेरजेहून अधिक असतो. एकच यंत्रणा असती तर बेरीजच मिळाली असती. १९६० साली रॉबिन हिल आणि फे बेंडॉल यांनी दोन प्रकाशक्रिया एकापुढे एक जोडलेल्या आहेत असा आराखडा मांडला. इलेक्ट्रॉनाच्या ऊर्जेचा चढउतार कागदावर काढला की इंग्रजी झेड अक्षरासारखी आकृती उमटते, म्हणून तो झेड-आराखडा म्हणून ओळखला जातो.

अचक्रीय वाट : पाण्यापासून एनएडीपीएचपर्यंत

प्रकाश पडल्यावर पी६८० आपला इलेक्ट्रॉन फिओफायटिन या रेणूला देतो. फिओफायटिन म्हणजे मॅग्नेशियम नसलेले हरितद्रव्यच. ही देवघेव सेकंदाच्या अब्जांश भागाहूनही कमी वेळात होते. हा वेग आवश्यक असतो, कारण उशीर झाला तर इलेक्ट्रॉन मागे परततो आणि ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. फिओफायटिनकडून इलेक्ट्रॉन प्लास्टोक्विनोनच्या दोन रेणूंकडे क्रमाने जातो. पहिला, क्यू-ए, प्रथिनात पक्का बसलेला असतो. दुसरा, क्यू-बी, आपल्या जागेवर सैल असतो. क्यू-बीने दोन इलेक्ट्रॉन आणि स्ट्रोमातले दोन प्रोटॉन घेतले की तो क्षपित प्लास्टोक्विनोन होऊन जागा सोडतो आणि पटलाच्या स्निग्ध थरात फिरू लागतो. रिकाम्या जागेवर नवा प्लास्टोक्विनोन येऊन बसतो.

इकडे इलेक्ट्रॉन गमावलेल्या पी६८०ला तो परत हवा असतो. तो पाण्यातून येतो. प्रणाली २ च्या पोकळीकडील बाजूला मँगनीजचे चार आणि कॅल्शियमचा एक अणू असलेला एक छोटा समूह असतो. पी६८० एका वेळी एकच इलेक्ट्रॉन मागतो, पण पाण्यापासून ऑक्सिजन सुटण्यासाठी चार इलेक्ट्रॉन निघावे लागतात. मँगनीजचा समूह एकेक करत चार इलेक्ट्रॉन देतो आणि मग पाण्याच्या दोन रेणूंकडून ते चारही एकदम वसूल करतो. त्यातून ऑक्सिजनचा एक रेणू सुटतो आणि चार प्रोटॉन पोकळीत पडतात. आपण श्वासात घेतो तो ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमधून आलेला नसून अशा रीतीने पाण्यातून आलेला असतो.

क्षपित प्लास्टोक्विनोन पटलातून सरकत सायटोक्रोम बी६एफ या प्रथिनसंकुलाकडे पोहोचतो. सगळ्या वाटेवरचा सर्वांत संथ टप्पा हाच आहे. त्याला काही मिलिसेकंद लागतात. येथे प्लास्टोक्विनोनचे दोन प्रोटॉन पोकळीत सोडले जातात आणि त्याच्या दोन इलेक्ट्रॉनांच्या वाटा फुटतात. एक इलेक्ट्रॉन लोह-गंधकाच्या केंद्रातून आणि सायटोक्रोम एफमधून पुढे जातो. दुसरा संकुलातच वळून दुसऱ्या एका प्लास्टोक्विनोनला मिळतो, आणि तो प्लास्टोक्विनोन पुन्हा स्ट्रोमातून प्रोटॉन उचलतो. या फेरवापराला क्यू-चक्र म्हणतात. त्याचा परिणाम असा, की पुढे जाणाऱ्या प्रत्येक इलेक्ट्रॉनामागे एकाऐवजी दोन प्रोटॉन पोकळीत पडतात.

पुढे गेलेला इलेक्ट्रॉन प्लास्टोसायनिन हे तांबेयुक्त लहान प्रथिन उचलते. ते पोकळीतून फिरत प्रणाली १ पर्यंत जाते. तिथे प्रकाशाने पी७००चा इलेक्ट्रॉन आधीच उडवलेला असतो. प्लास्टोसायनिनकडचा इलेक्ट्रॉन त्याची रिकामी जागा भरतो. उडालेला इलेक्ट्रॉन प्रणाली १ मधल्या हरितद्रव्यातून, फायलोक्विनोनमधून आणि लोह-गंधकाच्या तीन केंद्रांतून जाऊन स्ट्रोमातल्या फेरेडॉक्सिनला मिळतो. फेरेडॉक्सिन हेही लोह-गंधकाचे लहान प्रथिन असून ते एका वेळी एकच इलेक्ट्रॉन वाहते. फेरेडॉक्सिन-एनएडीपी रिडक्टेज हे विकर दोन फेरेडॉक्सिनांकडून दोन इलेक्ट्रॉन आणि स्ट्रोमातून एक प्रोटॉन घेऊन एनएडीपीचे एनएडीपीएच करते. एनएडीपीएचचा उगम तो हा. त्यातले इलेक्ट्रॉन मूळचे पाण्याचे आहेत आणि त्यांना वाटेत दोनदा प्रकाशाने उचलून वर नेले आहे.

पाण्यातून चार इलेक्ट्रॉन एनएडीपीएचपर्यंत न्यायला प्रत्येकी दोन, म्हणजे एकूण आठ प्रकाशकण लागतात. मिळतात एक ऑक्सिजन, दोन एनएडीपीएच आणि पोकळीत बारा प्रोटॉन : चार पाण्यातून आणि आठ सायटोक्रोम बी६एफमधून.

एटीपी कुठून येतो

या संपूर्ण वाटेवर कोणताही वाहक स्वतः एटीपी बनवत नाही. ही गोष्ट पटायला वैज्ञानिकांनाही वेळ लागला. इलेक्ट्रॉन एका वाहकाकडून दुसऱ्याकडे जाताना एखादा उच्च ऊर्जेचा मधला पदार्थ तयार होत असावा आणि तोच एडीपीला फॉस्फेट देत असावा, असे बराच काळ मानले जाई. तो पदार्थ कधी सापडला नाही. १९६१ साली ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मिचेल यांनी वेगळी कल्पना मांडली : असा पदार्थच नाही, इलेक्ट्रॉनांच्या वहनातून पटलाच्या दोन बाजूंना प्रोटॉनांचा असमतोल तयार होतो आणि तोच एटीपी बनवतो.

या कल्पनेची स्वच्छ परीक्षा १९६६ साली आंद्रे यागेनडॉर्फ आणि अर्नेस्ट उरिबे यांनी अमेरिकेत घेतली. त्यांनी पालकाच्या पानांतून काढलेले थायलॅकॉइड अंधारात आम्ल द्रावणात ठेवले, जेणेकरून पोकळीतला पीएच सुमारे ४ वर यावा. मग त्यात एकदम अल्कली घालून बाहेरचा पीएच ८ केला आणि एडीपी व फॉस्फेट पुरवले. अंधारातच एटीपी तयार झाला. प्रकाश नव्हता, इलेक्ट्रॉनांचे वहन नव्हते. होता तो फक्त दोन बाजूंच्या प्रोटॉनांतला फरक. मिचेल यांना १९७८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रकाशात काम करणाऱ्या पानात पोकळीचा पीएच ६ च्या आसपास किंवा त्याखाली उतरतो आणि स्ट्रोमाचा ८ च्या आसपास चढतो. पीएचमधील दोन अंकांचा फरक म्हणजे प्रोटॉनांच्या प्रमाणात शंभरपट फरक. धरणात अडवलेले पाणी टर्बाइनमधून खाली येताना चाक फिरवते, त्याप्रमाणे हे प्रोटॉन एटीपी सिंथेज या विकरातून स्ट्रोमात परतताना त्याचा पटलात बसवलेला चक्राकार भाग खरोखरच फिरवतात. या फिरण्याने विकराच्या स्ट्रोमाकडील डोक्यातल्या तीन जागांचा आकार क्रमाने बदलतो. एडीपी आणि फॉस्फेट तिथे जोडले जातात आणि तयार एटीपी बाहेर पडतो. एका पूर्ण फेरीत तीन एटीपी मिळतात. या फिरत्या यंत्रणेच्या उलगड्यासाठी पॉल बॉयर आणि जॉन वॉकर यांना १९९७ चे नोबेल मिळाले.

याचा अर्थ असा, की एटीपी सिंथेजला प्रोटॉन कोणत्या वाटेने आले याच्याशी काही देणेघेणे नाही. पोकळीत प्रोटॉन जमले, की एटीपी बनतो. चक्रीय वाटेचे सारे महत्त्व या एका गोष्टीवर उभे आहे.

चक्रीय वाट : परत पी७००कडे

चक्रीय वाटेत फक्त प्रकाशप्रणाली १ काम करते. पी७००मधून उडालेला इलेक्ट्रॉन नेहमीप्रमाणे फेरेडॉक्सिनपर्यंत जातो. तिथून तो एनएडीपीकडे न जाता मागे वळून पटलातल्या प्लास्टोक्विनोनला मिळतो. पुढचा रस्ता ओळखीचाच : प्लास्टोक्विनोन, सायटोक्रोम बी६एफ, प्लास्टोसायनिन आणि पुन्हा पी७००. वाटेतल्या सायटोक्रोम बी६एफमुळे प्रोटॉन पोकळीत पडतात आणि त्यांच्यापासून एटीपी बनतो. इलेक्ट्रॉन जिथून निघाला तिथेच आला, म्हणून पाण्यातून नवा इलेक्ट्रॉन घ्यावा लागत नाही आणि ऑक्सिजन सुटत नाही. इलेक्ट्रॉन एनएडीपीला दिला नाही, म्हणून एनएडीपीएच बनत नाही.

फेरेडॉक्सिनकडून प्लास्टोक्विनोनकडे वळण्याचे दोन मार्ग वनस्पतींत आढळतात. एका मार्गासाठी पीजीआर५ नावाचे लहान प्रथिन लागते. दुसरा मार्ग एनडीएच या मोठ्या संकुलातून जातो. हे संकुल मायटोकॉन्ड्रियातल्या श्वसनसाखळीच्या पहिल्या संकुलाचे नातलग आहे आणि इलेक्ट्रॉन पुढे देताना तेही प्रोटॉन पोकळीत ढकलते. त्यामुळे पहिल्या मार्गाने दर इलेक्ट्रॉनामागे दोन, तर दुसऱ्या मार्गाने चार प्रोटॉन मिळतात असे धरले जाते.

इतिहासात चक्रीय वाट आधी हाती लागली. १९५४ साली कॅलिफोर्नियातील बर्कली येथे डॅनियल आर्नन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पालकाच्या पानांतून वेगळे काढलेले हरितलवक प्रकाशात ठेवले, तेव्हा त्यांत एटीपी बनला. त्यापूर्वी पेशीत एटीपी बनवणे हे मायटोकॉन्ड्रियाचे, ऑक्सिजन वापरणाऱ्या श्वसनाचे काम समजले जाई. इथे ऑक्सिजनचा वापर नव्हता आणि कोणतेही अन्नद्रव्य खर्ची पडत नव्हते. १९५७ साली याच गटाने एनएडीपीचे क्षपण, ऑक्सिजनची निर्मिती आणि एटीपी यांची सांगड असलेली दुसरी क्रिया दाखवली. मग दोघींना वेगळी नावे देणे भाग पडले : चक्रीय आणि अचक्रीय.

तुटीचा हिशेब

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येता येते. एटीपी सिंथेजचा फिरणारा भाग एकसारख्या प्रथिन-घटकांच्या कड्याने बनलेला असतो. पालकाच्या हरितलवकात या कड्यात १४ घटक असतात आणि प्रत्येक घटक एका प्रोटॉनच्या येण्याने एक पाऊल पुढे सरकतो. म्हणून एका पूर्ण फेरीला १४ प्रोटॉन लागतात आणि त्यातून ३ एटीपी मिळतात.

कॅल्विन चक्राला एका कार्बन डायऑक्साइडमागे नेमके ३ एटीपी, म्हणजे एक पूर्ण फेरी, म्हणजे १४ प्रोटॉन हवे असतात. त्याच कार्बन डायऑक्साइडसाठी २ एनएडीपीएच बनवताना अचक्रीय वाट पोकळीत १२ प्रोटॉन टाकते. या बारांतून एटीपी मिळतात सुमारे २.५७. गरज तीनची. तूट आहे दोन प्रोटॉनांची.

दोन प्रोटॉन म्हणजे पीजीआर५च्या मार्गाने एका इलेक्ट्रॉनाची एक फेरी. तिला प्रणाली १ मध्ये एक प्रकाशकण पुरतो. अचक्रीय वाटेचे आठ आणि चक्रीय वाटेचा एक, अशा नऊ प्रकाशकणांत एका कार्बन डायऑक्साइडचा हिशेब जुळतो. म्हणजे प्रणाली १ मधून जाणाऱ्या दर पाच इलेक्ट्रॉनांपैकी चार एनएडीपीकडे गेले आणि एक मागे वळला, तर ताळेबंद बरोबर बसतो.

हा हिशेब आदर्श स्थितीचा आहे. प्रत्यक्षात काही प्रोटॉन पटलातून पाझरतात. नायट्राइटचे क्षपण थेट फेरेडॉक्सिनकडून इलेक्ट्रॉन घेते आणि प्रथिने बनवायला जास्तीचा एटीपी लागतो. उन्हाळ्यात पानातले विकर कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजन पकडू लागते, तेव्हा त्या चुकीची दुरुस्ती करायलाही एटीपी आणि एनएडीपीएच यांचे वेगळे प्रमाण लागते. म्हणून चक्रीय वाटेचा वाटा कायम एकच राहत नाही. पान तो गरजेप्रमाणे कमीजास्त करते.

अचक्रीय वाटच वाढवून ही तूट भरता येणार नाही. तिने जास्त प्रोटॉन दिले, तर त्याच प्रमाणात जास्त एनएडीपीएचही येईल आणि तो वापरणारे कोणी नसेल. एनएडीपी संपला, की फेरेडॉक्सिनवर इलेक्ट्रॉन साचतात. साचलेले इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला मिळून घातक रूपे तयार करतात आणि प्रणाली १ बिघडते. चक्रीय वाट एनएडीपीएच न वाढवता प्रोटॉन वाढवते, हे तिचे खरे वैशिष्ट्य आहे.

एक वाट बंद पडली तर

प्रोटॉनांचा साठा एटीपीपुरताच उपयोगी नसतो. पोकळी पुरेशी आम्लधर्मी झाली, की दोन गोष्टी घडतात. प्रणाली २ च्या भोवतालची रंगद्रव्ये जास्तीची ऊर्जा उष्णतेच्या रूपात सोडू लागतात आणि सायटोक्रोम बी६एफमधून इलेक्ट्रॉन जाण्याचा वेग मंदावतो. कडक उन्हात या दोन्हींमुळे प्रणालींचे रक्षण होते. चक्रीय वाट बिघडली तर हे रक्षणही ढिले पडते. २००२ साली जपानमधील संशोधकांनी मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिस या लहान वनस्पतीत पीजीआर५ नसलेला प्रकार वर्णिला. एकसारख्या मंद प्रकाशात ही झाडे बरी वाढतात. मंद आणि प्रखर प्रकाश आलटून पालटून दिला, की त्यांची प्रणाली १ झपाट्याने खराब होते. ढगांच्या सावल्या सरकत असलेल्या शेतात पानाला असाच प्रकाश मिळतो.

उलट बाजूने, अचक्रीय वाट रसायनाने बंद करता येते. डाययुरॉन हे तणनाशक प्रणाली २ मधल्या क्यू-बीच्या जागेवर जाऊन बसते. मका आणि उसात वापरले जाणारे अ‍ॅट्राझिनही तिथेच बसते. प्लास्टोक्विनोनला जागा मिळत नाही आणि इलेक्ट्रॉन क्यू-एवर अडतात. पाण्याचे विघटन थांबते, ऑक्सिजन आणि एनएडीपीएच थांबतात. तण मात्र केवळ उपासमारीने मरत नाही. अडलेल्या प्रणाली २ मध्ये शोषलेल्या प्रकाशाला वाट उरत नाही. त्यातून ऑक्सिजनचे उत्तेजित रूप तयार होते आणि ते पटले जाळते. म्हणून हे तणनाशक परिणाम करण्यासाठी उन्हाची गरज असते.

प्रयोगशाळेत डाययुरॉन दोन वाटा वेगळ्या करण्याचे साधन आहे. ते घातल्यावर ऑक्सिजन बंद होतो, तरी योग्य परिस्थितीत प्रणाली १ भोवतीचे चक्र चालू राहते आणि एटीपी बनतो. तसेच ७०० नॅनोमीटरच्या पुढचा दूरचा लाल प्रकाश जवळजवळ फक्त प्रणाली १ लाच चालवतो. अँटिमायसिन-ए हे रसायन पीजीआर५चा मार्ग अडवते. जिवंत पानात पाहायचे असेल, तर पी७००ने इलेक्ट्रॉन गमावला की ८२० नॅनोमीटरच्या आसपास त्याचे शोषण बदलते, याचा उपयोग करतात. प्रकाश अचानक बंद करून हा बदल किती वेगाने मावळतो ते मोजले, की पी७००कडे इलेक्ट्रॉन किती वेगाने येत आहेत हे कळते. तेच मोजमाप डाययुरॉन देऊन पुन्हा केले, की उरलेल्या वेगावरून चक्राच्या वाट्याचा अंदाज बांधता येतो.

ज्वारीच्या पानातली विभागणी

दोन वाटांतला फरक सर्वांत स्पष्ट दिसतो तो ज्वारी, मका आणि ऊस यांच्या पानांत. या पिकांत कार्बन डायऑक्साइड आधी पानाच्या मधल्या पेशींत चार कार्बनच्या आम्लात बांधला जातो आणि मग शिरांभोवती कड्यासारख्या असलेल्या पेशींत नेऊन सोडला जातो. त्यामुळे कॅल्विन चक्राला कार्बन डायऑक्साइड भरपूर मिळतो आणि ऑक्सिजन पकडण्याची चूक जवळजवळ होत नाही. या वाहतुकीची किंमत म्हणून दर कार्बन डायऑक्साइडमागे २ एटीपी जास्त लागतात. एकूण गरज होते ५ एटीपी आणि २ एनएडीपीएच.

आता तोच हिशेब पुन्हा करता येतो. पाच एटीपीला सुमारे २३ प्रोटॉन लागतात. दोन एनएडीपीएच बनवताना मिळतात बारा. तूट अकरांहून थोडी अधिक. पीजीआर५च्या मार्गाने ती भरायला पाचांहून अधिक फेऱ्या लागतील. एनडीएचच्या मार्गाने तीनही पुरतील. या पिकांच्या शिरांभोवतीच्या पेशींत एनडीएच संकुल मुबलक आढळते.

या पेशींचे हरितलवक सूक्ष्मदर्शकाखाली वेगळे दिसतात. त्यांत ग्रॅनमच्या चळती जवळजवळ नसतात, कारण चळतींत राहणारी प्रणाली २ तिथे अगदी कमी असते. उरते प्रामुख्याने प्रणाली १ आणि तिचे चक्र. तिथे ऑक्सिजन फारसा सुटत नाही, ही त्यांच्या फायद्याचीच बाब आहे, कारण ऑक्सिजन जवळ असता तर विकर तोच पकडू लागले असते. एनएडीपीएचची गरज दुसरीकडून भागते. मधल्या पेशींतून येणारे मॅलेट हे आम्ल कार्बन डायऑक्साइड सोडताना एका एनएडीपीएचइतके इलेक्ट्रॉनही आणून देते. बाकीचे क्षपणाचे काम मधल्या पेशींकडे पाठवले जाते. तिथे चळती भरपूर असतात आणि अचक्रीय वाट जोरात चालते.

इतर झाडांत एकाच हरितलवकात, एकाच पटलावर मिसळलेल्या दोन वाटा ज्वारीच्या पानात अशा बऱ्याच अंशी दोन प्रकारच्या पेशींत वाटल्या गेल्या आहेत : पाणी फोडून ऑक्सिजन आणि एनएडीपीएच देण्याचे काम मुख्यतः मधल्या पेशींचे, आणि प्रणाली १ भोवती इलेक्ट्रॉन फिरवून एटीपी देण्याचे काम मुख्यतः शिरांभोवतीच्या पेशींचे.